निकाल एक वाजता: क्लाउडचे दहा प्रश्न

क्लाउडवरच्या बहुपर्यायी प्रश्नांत बरोबर उत्तर ओळखणं फारसं अवघड नसतं. शिकण्यासारखं जास्त असतं ते चुकीच्या पर्यायांत, कारण चांगल्या प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे कोणाची तरी खरोखरची समजूत असते. म्हणून खाली उत्तराइतकीच जागा चुकीच्या पर्यायांनाही दिली आहे.

सगळे प्रश्न एकाच उदाहरणाभोवती फिरतात. समजा, एका महाविद्यालयाचं निकालाचं संकेतस्थळ आहे. वर्षभर तिथे शुकशुकाट असतो, सेकंदाला फार तर दहा विनंत्या येतात. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता मात्र विद्यार्थी, पालक, मामा, मावशी असे सगळेच एकदम पान उघडतात आणि विनंत्या सेकंदाला १४०० वर जातात. तासा-दोन तासांत पुन्हा सामसूम. एक सर्व्हर सेकंदाला सुमारे २०० विनंत्या पेलतो असं धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक प्रश्न आधी स्वतः सोडवा, मग खाली वाचा.

प्रश्न १. महाविद्यालयाने नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर भाड्याने घेतला आहे. तो इंटरनेटवरून वापरता येतो आणि भाडं दरमहा भरावं लागतं. आणखी एक सर्व्हर हवा असेल तर ईमेल पाठवायचा. चार दिवसांत कोणीतरी तो जोडून देतो. याला क्लाउड का म्हणता येणार नाही?
(अ) सर्व्हर दुसऱ्याच्या मालकीचा आहे
(ब) तो भारतात आहे
(क) माणसाच्या मध्यस्थीशिवाय, हवा तेव्हा तो मिळत नाही
(ड) तो इंटरनेटवरून वापरला जातो

उत्तर (क). अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये विशेष प्रकाशन ८००-१४५ काढलं. जेमतेम काही पानांच्या त्या दस्तऐवजात क्लाउडची पाच लक्षणं दिली आहेत: ग्राहकाने स्वतःच, मागेल तेव्हा साधन मिळवणं, ते नेटवर्कवरून वापरता येणं, अनेक ग्राहकांत एकच साठा वाटला जाणं, गरजेप्रमाणे झटपट वाढणं आणि घटणं, आणि वापराचं मोजमाप होणं. वरच्या उदाहरणात पहिलंच लक्षण नाही, आणि चार दिवस लागत असतील तर झटपट वाढण्याचाही प्रश्न उरत नाही. ‘दुसऱ्याचा संगणक म्हणजे क्लाउड’ ही व्याख्या गंमत म्हणून चालते. परीक्षेत ती घात करते, कारण संगणक भाड्याने देण्याचा धंदा क्लाउडच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

प्रश्न २. महाविद्यालयाने स्वतःच्या खोलीत ओपनस्टॅक वापरून छोटा खाजगी क्लाउड उभारला. गुणांचा डेटाबेस तिथे आहे, निकालाची पानं सार्वजनिक क्लाउडवर आहेत आणि दोन्ही सुरक्षित जोडणीने बांधले आहेत. ही कोणती रचना?
(अ) खाजगी (ब) सामुदायिक (क) मिश्र, म्हणजे हायब्रिड (ड) मल्टिक्लाउड

उत्तर (क). दोन वेगवेगळ्या प्रकारचे क्लाउड एकत्र काम करतात तेव्हा ती रचना हायब्रिड. (ड) निवडणारे ‘दोन’ हा आकडा पाहून फसतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे सार्वजनिक क्लाउड वापरले तर मल्टिक्लाउड म्हणतात. खोलीत नुसता एक सर्व्हर पंख्याखाली गुरगुरत असता, तर निस्टच्या काटेकोर भाषेत तो खाजगी क्लाउडही ठरला नसता. म्हणूनच प्रश्नात ओपनस्टॅकचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

प्रश्न ३. आता उदाहरण सोपं करू: सगळं सार्वजनिक क्लाउडवर आहे. महाविद्यालयाने आभासी मशीन घेतलं आणि त्यावर स्वतः उबुंटू, पीएचपी आणि मायएसक्यूएल बसवलं. उबुंटूसोबत येणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं. दुरुस्ती कोणी बसवायची?
(अ) क्लाउड कंपनीने
(ब) महाविद्यालयाने
(क) उबुंटू बनवणाऱ्यांनी, दूरवरून
(ड) कोणीच नाही. आभासी मशीनला धोका नसतो

उत्तर (ब). जुलै २०२४ मध्ये नेमकं असं भगदाड जाहीर झालं, त्याचा क्रमांक CVE-2024-6387. उबुंटूने दुरुस्ती उपलब्ध करून दिली, पण ती मशीनवर उतरवण्याचं काम मशीन चालवणाऱ्याचं होतं.

सेवेचे तीन प्रकार पाठ करण्यापेक्षा प्रत्येक थराला एकच प्रश्न विचारावा: इथे बिघडलं तर रात्री कोणाला उठवायचं? आभासी मशीन घेतलं, म्हणजे ‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस’, तर इमारत, वीज, प्रत्यक्ष सर्व्हर आणि त्याचे तुकडे पाडणारा हायपरव्हायझर कंपनीकडे, आणि ऑपरेटिंग सिस्टिमपासून वरचं सगळं तुमच्याकडे. ‘प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस’मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि पीएचपीची देखभालही कंपनीकडे जाते, तुमच्याकडे तुमचा कोड राहतो. महाविद्यालयाचा ईमेल एखाद्या तयार सेवेवर असेल तर ते ‘सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस’. तिथे कोडही कंपनीचाच.

तिन्ही प्रकारांत दोन गोष्टी मात्र कधीच कंपनीकडे जात नाहीत: तुमची माहिती आणि ती कोणी पाहायची याचा निर्णय. नवव्या प्रश्नात याचा हिशेब होईल.

प्रश्न ४. निकालाच्या दिवशी सावधगिरी म्हणून दहा सर्व्हर लागतात, तेही फक्त तीन तास. एरवी दोन पुरतात. तीस दिवसांच्या महिन्यात लवचिक पद्धतीने किती सर्व्हर-तासांचे पैसे द्यावे लागतील?
(अ) ७२०० (ब) १४६४ (क) १४४० (ड) ३०

उत्तर (ब). महिन्याचे तास ७२०. दोन कायमच्या सर्व्हरचे १४४० तास, आणि जादा आठ सर्व्हरचे प्रत्येकी तीन, म्हणजे २४. एकूण १४६४. दहाही सर्व्हर विकत घेऊन ठेवले तर ७२०० सर्व्हर-तासांची क्षमता विकत घेतली, आणि तिच्यातली बहुतेक महिनाभर रिकामी बसली.

दोन्ही आकड्यांचा भागाकार केला तर साधारण ४.९ येतो. म्हणजे क्लाउडमधला एक तास स्वतःच्या सर्व्हरच्या एका तासापेक्षा पावणेपाच पट महाग पडला, तरीही या महाविद्यालयाला क्लाउड परवडतो. फायदा ताशी दर कमी असण्यात नाहीच. न वापरलेल्या तासांचे पैसे न देण्यात आहे. त्यामुळे ज्यांचा वापर रात्रंदिवस एकसारखा असतो त्यांचं गणित उलटू शकतं. ड्रॉपबॉक्सने आपल्या ग्राहकांच्या बहुतेक फायली २०१५-१६ च्या सुमारास ॲमेझॉनच्या क्लाउडवरून उचलून स्वतःच्या यंत्रणेवर नेल्या, ते याच हिशेबाने. ‘क्लाउड नेहमी स्वस्त असतो’ असं विधान चूक की बरोबर म्हणून आलं, तर बेधडक ‘चूक’ लिहावं.

प्रश्न ५. वेब सर्व्हर ap-south-1a या झोनमध्ये आहे. त्या झोनचं डेटा सेंटर बंद पडलं तरी निकाल दिसत राहावा यासाठी काय करावं?
(अ) चौपट मोठं मशीन घ्यावं
(ब) त्याच झोनमध्ये दुसरा सर्व्हर ठेवावा
(क) ap-south-1b मध्ये दुसरा सर्व्हर ठेवावा
(ड) रोज त्याच मशीनच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा

उत्तर (क). ap-south-1 हे ॲमेझॉनच्या मुंबई रिजनचं नाव; हा रिजन २०१६ मध्ये सुरू झाला. एका रिजनमध्ये अनेक अव्हेलेबिलिटी झोन असतात. प्रत्येक झोन म्हणजे एक किंवा अधिक डेटा सेंटर, ज्यांची वीज, थंडाव्याची व्यवस्था आणि नेटवर्क इतर झोनपासून वेगळं असतं. झोनमधलं अंतर एकाच आगीत किंवा पुरात दोन्ही जाऊ नयेत इतकं जास्त, पण माहिती काही मिलिसेकंदांत पोचावी इतकं कमी ठेवतात.

(ड) हा पर्याय विनोद म्हणून टाकलेला नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. तिथली एक इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीलाही झळ पोचली. काही ग्राहकांचे सर्व्हर तर गेलेच, पण बॅकअपही त्याच आवारात असल्याने तेही गेले.

दुसरा झोन घेतला म्हणजे सगळं भागलं असंही नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया रिजनमधली एस३ ही साठवण सेवा काही तास कोलमडली. देखभाल करताना एका कमांडमध्ये चुकीची माहिती टाकली गेली आणि हव्या होत्या त्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. फटका पूर्ण रिजनला बसला, झोन कितीही असले तरी. सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारा कंपनीचा स्वतःचा फलकही एस३ वर अवलंबून असल्याने काही काळ बदलता येईना. अशा प्रसंगासाठी दुसरा रिजन लागतो, आणि त्याचा खर्च व गुंता निकालाच्या संकेतस्थळाला झेपणारा नाही. कोणत्या संकटापर्यंत तयारी करायची आणि कुठे थांबायचं हे ठरवावंच लागतं.

प्रश्न ६. वेब सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू असतो, डेटाबेसही ९९.९ टक्के. पान दिसायला दोन्ही चालू हवेत. संकेतस्थळाची उपलब्धता किती?
(अ) ९९.९९ टक्के (ब) ९९.९ टक्के (क) सुमारे ९९.८ टक्के (ड) ९९.९५ टक्के

उत्तर (क). दोन्ही चालू असण्याची शक्यता ०.९९९ गुणिले ०.९९९, म्हणजे ०.९९८००१. वेळेत सांगायचं तर ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांत ४३.२ मिनिटं बंद, आणि दोघांचं मिळून ८६ मिनिटांच्या आसपास. एकामागे एक लावलेला प्रत्येक भाग बंद वेळेत भर घालतो.

आता वेब सर्व्हर दोन केले, दोन झोनमध्ये. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.००१ गुणिले ०.००१, म्हणजे महिन्यात तीन सेकंदही नाही. हे ऐकून हुरळून जायला होतं. पण डेटाबेस अजून एकच आहे, त्यामुळे संकेतस्थळाचा बंद वेळ ८६ मिनिटांवरून ४३ वर येतो आणि तिथेच अडतो. वेब सर्व्हर आणखी वीस वाढवले तरी ४३ च. आणि हा गुणाकार दोन्ही सर्व्हर एकमेकांशी संबंध नसलेल्या कारणांनी बंद पडतात असं धरून केलेला आहे. दोन्हींवर एकच सदोष कोड चढवला असेल, तर ते अगदी शिस्तीत एकत्रच बंद पडतात.

प्रश्न ७. लोड बॅलन्सर लावून त्यामागे दोन सर्व्हर ठेवले. त्यानंतर विद्यार्थी तक्रार करू लागले: ‘लॉगिन करतो, पुढच्या क्लिकला परत लॉगिन मागतं.’ कारण काय असावं?
(अ) लोड बॅलन्सर खूप मंद आहे
(ब) लॉगिनची नोंद एकाच सर्व्हरच्या डिस्कवर राहते
(क) पासवर्ड चुकीचे आहेत
(ड) डेटाबेस भरला आहे

उत्तर (ब). हा प्रश्न मी प्रत्येक प्रश्नपत्रिकेत या ना त्या रूपात ठेवतो, कारण एका सर्व्हरवरून अनेक सर्व्हरवर जाताना नेमकं काय बदलतं ते इथे दिसतं.

विद्यार्थ्याने लॉगिन केलं की पीएचपी एक सेशन तयार करतं. ब्राउझरकडे PHPSESSID नावाच्या कुकीत फक्त एक लांबलचक क्रमांक जातो. ‘हा क्रमांक म्हणजे अमुक विद्यार्थी’ ही नोंद सर्व्हरवरच्या फाइलमध्ये राहते. उबुंटूवर ती सहसा /var/lib/php/sessions या फोल्डरमध्ये असते. सर्व्हर एकच असेपर्यंत हे बिनबोभाट चालतं. दोन झाले की लोड बॅलन्सर पहिली विनंती एकाकडे आणि दुसरी दुसऱ्याकडे पाठवतो. दुसऱ्याच्या डिस्कवर ती फाइलच नाही, तेव्हा तो विद्यार्थ्याला ओळखत नाही.

निदान सोपं आहे. एक सर्व्हर लोड बॅलन्सरमागून काढा. तक्रार नाहीशी झाली तर संशय खरा. आणखी एक खूण म्हणजे सर्व्हर वाढतील तशी तक्रार वाढते. विनंत्या सारख्या वाटल्या जात असतील तर दोन सर्व्हर असताना साधारण निम्म्या क्लिक चुकीच्या दारावर जातात, दहा असताना दहातल्या नऊ. म्हणजे चाचणीत ‘कधीकधी होतं’ म्हणून सोडून दिलेला दोष निकालाच्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाला भेटतो.

उपाय दोन. एका विद्यार्थ्याला कायम एकाच सर्व्हरकडे पाठवायचं, ज्याला स्टिकी सेशन म्हणतात. हे एका खुणेच्या सेटिंगवर होतं म्हणून लोक तेच करतात. पण तो सर्व्हर काढला की त्याच्यावरचे सगळे विद्यार्थी बाहेर फेकले जातात, आणि गर्दीत नवा सर्व्हर जोडला तरी आधीचे विद्यार्थी जुन्यालाच चिकटून राहतात. दुसरा उपाय म्हणजे सेशनची नोंद सर्व्हरबाहेर, सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवणं. रेडिस वापरलं तर, पीएचपीचं रेडिस एक्स्टेन्शन बसवल्यावर, बदल एवढाच:

```
session.save_handler = redis
session.save_path = "tcp://10.0.3.15:6379"
```

आता कोणताही वेब सर्व्हर कधीही काढा किंवा जोडा, कोणाच्या लक्षातही येणार नाही. क्लाउडमधली लवचिकता मिळते ती या अटीवर: वेब सर्व्हरने स्वतःपाशी काही जपून ठेवायचं नाही. अर्थात, मागचा प्रश्न नीट वाचला असेल तर रेडिस एकच आहे ही शंका तुम्हाला आलीच असेल.

प्रश्न ८. सीपीयूचा वापर ७० टक्क्यांवर गेला की सर्व्हर वाढवायचे, असा आपोआप नियम लावला आहे. तरीही एक वाजता संकेतस्थळ आठ-दहा मिनिटं बंद पडलं आणि मग आपोआप सुधारलं. योग्य उपाय कोणता?
(अ) मर्यादा ७० ऐवजी ९० टक्के करावी
(ब) आपोआप वाढ बंद करावी
(क) एक वाजायच्या आधीच सर्व्हर वाढवून ठेवावेत
(ड) लोड बॅलन्सर काढावा

उत्तर (क). एक वाजल्यानंतर काय काय घडतं ते क्रमाने पाहू. दोन सर्व्हर मिळून सेकंदाला ४०० विनंत्या पेलतात आणि १४०० येतात, म्हणजे पहिल्या सेकंदापासूनच रांग तुंबते. सीपीयूचं मोजमाप ॲमेझॉनच्या साध्या देखरेखीत दर पाच मिनिटांनी येतं. जादा पैसे भरून तपशीलवार देखरेख घेतली तर दर मिनिटाला. मोजमाप आलं, नियम जागा झाला, नवं मशीन मागवलं गेलं. ते सुरू होणार, उबुंटू उठणार, पीएचपी सुरू होणार, मग लोड बॅलन्सर त्याची तब्येत तपासून त्याला कामाला लावणार. तोवर एक वाजून आठ-नऊ मिनिटं झालेली असतात. आपोआप वाढ हळूहळू चढणाऱ्या गर्दीसाठी असते. घड्याळाच्या ठोक्याला कोसळणाऱ्या गर्दीसाठी नाही. पण निकालाची वेळ आपणच जाहीर केलेली असते! तेव्हा वेळ ठरवूनच वाढ करावी:

```
aws autoscaling put-scheduled-update-group-action \
  --auto-scaling-group-name nikal-web \
  --scheduled-action-name nikal-adhi \
  --start-time 2026-06-10T07:00:00Z \
  --min-size 10 --max-size 12 --desired-capacity 10
```

शेवटचा Z पाहा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. आपले दुपारचे साडेबारा म्हणजे तिथले सकाळचे सात. इथे 12:30 लिहिलं तर सर्व्हर संध्याकाळी सहाला येतील, रिकाम्या मैदानावर. आणि दुपारी साडेतीनला ते परत दोनवर आणणारी दुसरी अशीच कमांड लिहायला विसरलात, तर चौथ्या प्रश्नातला हिशेब विसरा.

इतकं करूनही एक अडचण उरते, आणि ती सर्व्हर वाढवल्यामुळेच येते. प्रत्येक वेब सर्व्हर डेटाबेसशी २० जोडण्या उघडतो असं समजा. मायएसक्यूएलची मूळची मर्यादा १५१ जोडण्यांची आहे. सात सर्व्हरच्या १४० होतात, तोवर सगळं ठीक. आठवा आला की गरज १६० वर जाते आणि ही ओळ दिसू लागते:

```
ERROR 1040 (HY000): Too many connections
```

वेब सर्व्हरचा सीपीयू निवांत, डेटाबेसचाही कदाचित निवांत, तरी पान उघडत नाही, असं दिसलं तर आधी इथे पाहावं. मर्यादा वाढवता येते, पण प्रत्येक जोडणी मेमरी खाते. इथे त्याहून बरा मार्ग आहे: जाहीर झालेला निकाल मिनिटामिनिटाला बदलत नाही, म्हणून एकदा वाचलेला निकाल रेडिसमध्ये ठेवून तिथूनच द्यावा आणि जोडणी गरज असेल तेव्हाच उघडावी. डेटाबेसला विचारायची वेळच कमी येते.

प्रश्न ९. गुणपत्रिकांच्या पीडीएफ फायली ऑब्जेक्ट स्टोरेजच्या बकेटमध्ये आहेत. पत्ता असा दिसतो: `.../gunpatrika/2026-0417.pdf`. एका विद्यार्थ्याने 0417 च्या जागी 0418 टाकलं आणि शेजाऱ्याची गुणपत्रिका उघडली. दोष कोणाचा?
(अ) क्लाउड कंपनीचा. बकेट तिची आहे
(ब) विद्यार्थ्याचा
(क) महाविद्यालयाचा, बकेट सगळ्यांसाठी उघडी ठेवली
(ड) ब्राउझरचा

उत्तर (क). बकेटची यंत्रणा कंपनीची, पण तिच्यातलं कोणी पाहायचं हा निर्णय तुमचा; तिसऱ्या प्रश्नात जे म्हटलं ते हेच. एप्रिल २०२३ पासून ॲमेझॉनच्या नव्या बकेट मुळातच बंद असतात. त्यामुळे आज बकेट उघडी सापडली, तर कोणीतरी जाणूनबुजून कुलूप काढलेलं असतं. बहुधा ‘फाइल दिसत नाहीये’ या तक्रारीवर घाईत शोधलेला उपाय म्हणून.

फाइलचं नाव ओळखता न येण्याजोगं ठेवणं ही अर्धीमुर्धी सोय झाली. नीट पद्धत अशी: बकेट बंदच ठेवायची, विद्यार्थी लॉगिन करतो, ही गुणपत्रिका त्याचीच आहे का हे तुमचा कोड तपासतो, आणि मग फक्त त्या फाइलसाठी, पाचेक मिनिटं चालणारा, सही केलेला दुवा देतो. त्या पाच मिनिटांत दुवा ज्याच्या हाती लागेल त्याला फाइल उघडता येते, म्हणून मुदत तोकडी ठेवायची.

जाता जाता आणखी एक गैरसमज. एस३ आपला टिकाऊपणा अकरा नवांनी सांगतं, म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्के. याचा अर्थ डिस्क बिघडल्याने फाइल हरवणं जवळजवळ अशक्य. तुमच्याच कर्मचाऱ्याने ती पुसली तर मात्र ती तितक्याच विश्वासार्हपणे पुसली जाते. त्यासाठी आवृत्त्या जपण्याची सोय आधीच चालू करून ठेवावी लागते.

प्रश्न १०. निकालाचा हंगाम संपला. महाविद्यालयाने चाचणीसाठी घेतलेलं वेगळं मशीन ‘stop’ केलं. तरी पुढच्या महिन्यात त्याच्या नावावर बिल आलं. का?
(अ) कंपनीची चूक
(ब) डिस्क आणि सार्वजनिक आयपी पत्ता अजून राखून ठेवलेला आहे
(क) थांबवलेल्या मशीनचा सीपीयू चालूच राहतो
(ड) बिल नेहमी एक महिना उशिरा येतं

उत्तर (ब). ॲमेझॉनवर मशीन थांबवलं की त्याच्या तासांचे पैसे थांबतात. पण त्याची डिस्क जपून ठेवलेली असते आणि तिचं भाडं चालू राहतं. कायमचा राखून ठेवलेला आयपी पत्ताही फुकट नसतो: १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लावतं, म्हणजे तीस दिवसांचे ३.६० डॉलर. लोड बॅलन्सर राहिला असेल तर त्याचंही भाडं त्याच्यामागे कोणी असो वा नसो चालू. मशीन खरंच नको असेल तर ते ‘terminate’ करावं आणि मग डिस्क, जुने स्नॅपशॉट आणि पत्ते राहिलेत का ते एकेक पाहावं.

(क) हा पर्याय ॲमेझॉनवर चूक आहे, पण ॲझ्युरवर जवळजवळ बरोबर ठरतो. तिथे मशीनच्या आत शिरून ते बंद केलं तर पोर्टलवर ‘Stopped’ दिसतं आणि मशीनचे पैसे चालूच राहतात, कारण प्रत्यक्ष सर्व्हरवरची जागा अजून तुमच्यासाठी अडवलेली असते. पोर्टलमधून थांबवून ‘Stopped (deallocated)’ दिसलं तरच मीटर थांबतं.

आणि आपोआप वाढणाऱ्या गटातलं मशीन हाताने थांबवण्याचा प्रयत्न करून पाहा. गटाच्या दृष्टीने ते आजारी पडलेलं असतं. तो ते काढून टाकतो आणि काही मिनिटांत त्याच्या जागी नवं, चालू मशीन आणून उभं करतो. इथे मशीनला हात लावायचा नाही. गटाची किमान आणि अपेक्षित संख्या शून्य करायची. खर्चाची मर्यादा ओलांडली की ईमेल येईल अशी सूचना लावता येते आणि ती पहिल्याच दिवशी लावावी, पण ती नुसती कळवते, काही थांबवत नाही. शिवाय बिलाचे आकडे काही तास मागे असतात, म्हणजे ईमेल येईपर्यंत खर्च आणखी पुढे गेलेला असतो.